पस्तीस गिनीत एक चेहरा: ऑर्डरच्या पोर्ट्रेटचं अडीचशे वर्षांपूर्वीचं रेटकार्ड

पॉडकास्टच्या या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'अं' येतात ते बरेचसे काढलेत, बाकी जसंच्या तसं ठेवलंय.

ऑर्डरवर पोर्ट्रेट काढून देणाऱ्या आर्टिस्टच्या पोस्ट तुम्ही पाहिल्याच असतील. 'पुढच्या महिन्याचे स्लॉट ओपन. फक्त सहा. ए४ साइजला इतके, ए३ ला इतके. प्रत्येक जादा चेहऱ्याला वेगळे पैसे. अर्धी रक्कम अ‍ॅडव्हान्स, उरलेली चित्र पूर्ण झाल्यावर. फ्रेम आणि कुरिअर वेगळं.' खाली कुणीतरी हमखास विचारतं, 'एवढे पैसे कशाचे?' आणि दुसरं कुणीतरी म्हणतं, 'सहाच का? मुद्दाम भाव खातोय.'

आज या पोस्टमधल्या एकेका ओळीचा इतिहास बघायचाय. साइजप्रमाणे दर का? स्लॉट मोजकेच का? अर्धे पैसे आधी का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाच्या कामात सापडतात. त्याचं नाव जोशुआ रेनॉल्ड्स. अठराव्या शतकातल्या लंडनमधला सगळ्यात मागणी असलेला पोर्ट्रेट चित्रकार. त्याच्या अपॉइंटमेंटच्या डायऱ्या आणि जमाखर्चाच्या वह्या आजही शिल्लक आहेत. डायऱ्यांमधली काही वर्षं गहाळ आहेत, पण बहुतेक डायऱ्या लंडनच्या रॉयल अकॅडमीकडे आहेत आणि हिशोबाच्या वह्या केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये. म्हणजे त्याची चित्रं तर दिसतातच, पण त्यामागचा धंदा कसा चालायचा तेही दिसतं. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे खरं सांगायचं तर मला चित्रांइतकीच ही वेळापत्रकं वाचायला आवडतात.

एका पत्रातलं रेटकार्ड

रेनॉल्ड्सचा जन्म १७२३ चा, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला. लंडनमध्ये थॉमस हडसन नावाच्या पोर्ट्रेट चित्रकाराकडे उमेदवारी केली, मग इटलीत जाऊन जुन्या मास्टर्सची चित्रं अभ्यासली आणि १७५३ मध्ये लंडनला येऊन स्वतःचं दुकान मांडलं. दुकान हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तो पुढे रॉयल अकॅडमीचा पहिला अध्यक्ष झाला, 'सर' झाला. पण रोजची मिळकत यायची ती ऑर्डरच्या चेहऱ्यांमधूनच.

१७७७ साली लिव्हरपूलच्या डॅनियल डॉल्बी नावाच्या गृहस्थाने त्याला पत्राने दर विचारले. रेनॉल्ड्सने जे उत्तर पाठवलं ते आजच्या पोस्टसारखंच आहे. नुसत्या डोक्याचं म्हणजे छातीपर्यंतचं चित्र ३५ गिनी. गुडघ्यापर्यंतचं ७० गिनी. पायापर्यंत पूर्ण उभं चित्र १५० गिनी. साधारण तीन बैठका लागतील, प्रत्येक बैठक सुमारे दीड तासाची. कुणाला घाई असेल तर चेहरा एका दिवसातही सुरू करून संपवता येईल. तीन भाग केलेत ते बसणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून. आणि चेहरा झाला की बाकीचं काम त्याला पुन्हा न बोलावता पूर्ण होईल.

झालं. दर, साइज, वेळ, प्रक्रिया. चार-पाच वाक्यांत सगळं.

आता ३५ गिनी म्हणजे किती? एक गिनी म्हणजे २१ शिलिंग आणि एक पौंड म्हणजे २० शिलिंग. तेव्हा ३५ गिनी म्हणजे ३६ पौंड १५ शिलिंग. तुलनेसाठी एक आकडा देतो. रेनॉल्ड्सचा जवळचा मित्र, इंग्रजी डिक्शनरीवाला सॅम्युअल जॉन्सन, याला १७६२ पासून राजाकडून वर्षाला ३०० पौंड पेन्शन मिळायचं. म्हणजे नुसत्या डोक्याच्या चित्राला जॉन्सनचं जवळजवळ दीड महिन्याचं पेन्शन गेलं असतं आणि पूर्ण उभ्या चित्राला अर्ध्या वर्षापेक्षा थोडं जास्तच. जॉन्सन काही गरीब नव्हता, तेव्हाचा नावाजलेला लेखक होता. यावरून अंदाज घ्या.

साइज म्हणजे नक्की काय?

तेव्हा कॅनव्हास कोणत्याही मापाचे मिळत नसत असं नाही, पण पोर्ट्रेटची मापं ठरलेली होती आणि प्रत्येक मापाला नाव होतं. ३० बाय २५ इंचाचा कॅनव्हास डोकं आणि खांद्यांसाठी. ३६ बाय २८ इंचाचा 'किट-कॅट', ज्यात एखादा हात मावायचा. हे नाव चॉकलेटवरून आलेलं नाही बरं का! किट-कॅट नावाचा एक क्लब होता, त्याच्या सभासदांची चित्रं गॉडफ्रे नेलर या चित्रकाराने या मापात काढली, म्हणून मापालाच ते नाव चिकटलं. मग ५० बाय ४० इंचाचा 'हाफ-लेंग्थ', म्हणजे पत्रातलं गुडघ्यापर्यंतचं चित्र. आणि ९४ बाय ५८ इंचाचा 'होल-लेंग्थ', जवळजवळ आठ फूट उंच, ज्यात माणूस खऱ्या मापाने पूर्ण उभा राहतो. गंमत म्हणजे 'बिशपचा हाफ-लेंग्थ' असंही एक माप होतं, नेहमीपेक्षा थोडं मोठं. का? तर बिशप लोकांच्या झग्याच्या फुगीर बाह्या नेहमीच्या कॅनव्हासमध्ये मावायच्या नाहीत!

आता इथे जरा हिशोब करूया, घाबरू नका, सोपा आहे. ३० बाय २५ म्हणजे ७५० चौरस इंच. ५० बाय ४० म्हणजे २,०००. आणि ९४ बाय ५८ म्हणजे ५,४५२. मोठा कॅनव्हास छोट्याच्या सातपटीहून जास्त आहे. पण किंमत? ३५ वरून १५०. सव्वाचार पटीच्या आसपास.

दर चौरस इंचाला भाव काढला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. तेव्हा एका शिलिंगचे १२ पेन्स. डोक्याच्या चित्रात एका चौरस इंचाला सुमारे १२ पेन्स पडतात. गुडघ्यापर्यंतच्या चित्रात सुमारे ९ पेन्स. पूर्ण उभ्या चित्रात सुमारे ७ पेन्स. चित्र जितकं मोठं, तितका इंचाचा भाव स्वस्त.

होलसेलची सूट दिल्यासारखं वाटतं ना? पण तसं नाहीये. तिन्ही कॅनव्हासमध्ये चेहरा एकच आहे. आणि महाग काय आहे, तर चेहरा. कोट, झगा, पडदा, खांब, मागची झाडं, आभाळ हे सगळं क्षेत्रफळ भरतं, पण त्यातलं बरंच काम रेनॉल्ड्सचा हात करतच नव्हता.

बाकीचं कोण काढायचं?

त्या काळी लंडनमध्ये 'ड्रेपरी पेंटर' हा वेगळा पेशा होता. म्हणजे कपडे रंगवणारा चित्रकार. पोर्ट्रेटवाला चेहरा आणि हात काढणार, मग कॅनव्हास या माणसाकडे जाणार, तो सॅटिन, मखमल, लेस रंगवणार. पीटर टॉम्स हा अशा कामातला तरबेज माणूस. रेनॉल्ड्ससाठी त्याने काम केलं आणि १७६८ मध्ये रॉयल अकॅडमी स्थापन झाली तेव्हा तो तिच्या संस्थापक सभासदांपैकी एक होता. म्हणजे हे काम लपूनछपून चालायचं असं अजिबात नव्हतं. शिवाय रेनॉल्ड्सच्या घरात मदतनीस होतेच. जुझेप्पे मार्की नावाचा मुलगा तो रोमहून सोबत घेऊन आला होता आणि तो पुढे अनेक वर्षं त्याच्याकडे राहिला. जेम्स नॉर्थकोट हा शिष्य १७७१ पासून पाच वर्षं त्याच्याच घरी राहून शिकला आणि नंतर त्याने गुरूचं चरित्र लिहिलं. तेव्हाच्या स्टुडिओत माणसाच्या मापाची सांध्यांची बाहुली असायची. ग्राहकाचे कपडे तिला चढवून निवांतपणे रंगवायचे. ग्राहक तासन् तास उभा राहायची गरजच नाही.

आता पत्रातलं ते शेवटचं वाक्य आठवा. चेहरा झाला की बाकीचं तुम्हाला त्रास न देता पूर्ण करू. ग्राहकाला ते सौजन्य वाटलं असेल, आणि ते होतंही. पण त्याच वाक्यात त्याच्या कारखान्याचा नकाशा आहे. मास्टरचे साडेचार तास चेहऱ्याला. उरलेलं काम स्टुडिओचं.

म्हणून साइजप्रमाणे दर लावणं ही एक सोय आहे. ग्राहकाला इंच समजतात, चित्रकाराचे तास समजत नाहीत. पण दराच्या आकड्यांतून खरी किंमत बाहेर डोकावतेच. आजच्या पोस्टमध्ये 'प्रत्येक जादा चेहऱ्याला वेगळे पैसे' ही जी ओळ असते ना, ती त्यामुळेच. कागद तोच राहतो, पण चेहरा वाढला की काम वाढतं.

स्लॉट कसे भरायचे?

रेनॉल्ड्सचा दिवस ठरलेला होता. आठला उठायचं, नऊला नाश्ता, दहाला चित्रांच्या खोलीत. पहिला तास स्वतःच्या कामाचा. मग अकरा ते चार ग्राहक. म्हणजे दिवसाला पाच तास. आणि हो, तो रविवारीही काम करायचा. १७८४ मध्ये जॉन्सन मरणशय्येवर असताना त्याने रेनॉल्ड्सकडे तीन गोष्टी मागितल्या: उसने घेतलेले ३० पौंड माफ कर, बायबल वाच आणि रविवारी ब्रश हातात धरू नकोस. रेनॉल्ड्सने तिन्हींना हो म्हटलं.

१७६० मध्ये त्याने लंडनच्या लेस्टर फील्ड्स भागात मोठं घर घेतलं. घराचे १,६५० पौंड, आणि वर चित्रं दाखवायची गॅलरी, स्टुडिओ वगैरे बांधायला जवळजवळ तितकेच. चित्रांची खोली अष्टकोनी, सुमारे २० फूट लांब आणि १६ फूट रुंद. खिडकी एकच, छोटी, आणि तिची खालची कड जमिनीपासून नऊ फुटांहून वर, म्हणजे प्रकाश वरूनच यावा. ग्राहकाची खुर्ची जमिनीपासून दीड फूट उंच आणि चाकांवर, हवी तशी फिरवता येणारी. रेनॉल्ड्स स्वतः कधी बसत नसे. १९ इंच लांब दांड्याचे ब्रश घेऊन उभ्याने रंगवायचा. त्याच्यासमोर बसलेल्या एका उमराव घराण्यातल्या बाईंनी नंतर सांगितलं, की तो सारखा मागे जायचा, त्यांच्याकडे आणि चित्राकडे एकदम बघायचा आणि मग धावत येऊन कॅनव्हासवर तुटून पडायचा.

आलेल्या माणसाला पोझ सुचावी म्हणून त्याच्याच जुन्या चित्रांवरून छापलेल्या प्रिंट्सचा संच ठेवलेला असायचा. बघा, निवडा, यासारखी बसते किंवा तसा उभा राहतो म्हणून सांगा. आजच्या भाषेत पोर्टफोलिओ आणि रेफरन्स, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये.

आता कपॅसिटी काढूया. दिवसाचे पाच तास, एका बैठकीला दीड तास. म्हणजे दिवसाला तीन बैठका, मध्ये अर्धा तास मोकळा. महिन्याला २६ दिवस धरले तर ७८ बैठका. एका चित्राला तीन बैठका. म्हणजे महिन्याला २६ चेहरे, वर्षाला ३०० च्या वर. कागदावर.

प्रत्यक्षात त्याचं सगळ्यात धामधुमीचं वर्ष १७५८, आणि त्या वर्षी त्याच्याकडे बसून गेलेल्यांची संख्या १५० च्या आसपास. पत्र जवळजवळ वीस वर्षांनंतरचं आहे, त्यामुळे हा हिशोब ढोबळच धरा. पण कागदावरच्या कपॅसिटीच्या निम्मं. असं का व्हावं?

पहिलं कारण, लोक येतच नाहीत. त्याच्या डायरीत वेळेसमोर लिहिलेली नावं खोडलेलीही दिसतात. आज ताप आला, उद्या गावाला जायचंय, परवा दरबारात बोलावलंय. रिकामा गेलेला दीड तास परत मिळत नाही आणि ऐनवेळी दुसरा ग्राहक त्या जागी बसवता येत नाही.

दुसरं कारण, मागणी वर्षभर सारखी नसते. श्रीमंत लोक पार्लमेंटच्या मोसमात, म्हणजे हिवाळ्यात आणि वसंतात लंडनला असायचे, उन्हाळ्यात आपापल्या गावच्या वाड्यांत. मोसमात दारापुढे बग्ग्यांची रांग आणि ऑगस्टमध्ये शांतता.

आणि तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. बैठका संपल्या म्हणजे चित्र संपलं असं नाही. चेहरा झालेले कॅनव्हास कपड्यांसाठी थांबलेत, काहींना शेवटचा हात फिरवायचाय, कुणाला आईसाठी आणखी एक कॉपी हवीय. आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये जशी अर्धवट तिकिटं बोर्डावर साचतात, तसे स्टुडिओत अर्धवट कॅनव्हास साचतात. नवीन ऑर्डर घेणं सोपं असतं, घेतलेली बाहेर काढणं कठीण. म्हणून आजचा आर्टिस्ट 'फक्त सहा स्लॉट' म्हणतो तेव्हा तो बरेचदा किती चित्रं सुरू करता येतील ते सांगत नसतो. किती पूर्ण करून देता येतील ते सांगत असतो.

रांग लांबली की काय करायचं?

रेनॉल्ड्सकडे दोन रस्ते होते. पोस्टसारखं जाहीर करून महिन्याचा आकडा बंद करायचा किंवा भाव वाढवायचा. त्याने भाव वाढवला.

सुरुवातीला लंडनमध्ये त्याचा दर होता डोक्याला १२ गिनी, अर्ध्या चित्राला २४, पूर्ण चित्राला ४८. मग आलं ते १५० ग्राहकांचं १७५८. आणि जानेवारी १७५९ मध्ये जॉन्सन एका मित्राला पत्रात बातमी देतो, की रेनॉल्ड्सने नुकताच डोक्याचा दर २० गिनी केलाय. तारखांचा क्रम बघा. आधी वर्षभर गर्दी, आणि वर्ष उलटताच दरवाढ. पुढे तो २५ वर गेला. १७७७ च्या पत्रात ३५. आणि १७८२ पासून ५०, १०० आणि २०० गिनी. दुसरीकडे ग्राहकांची संख्या १७५८ नंतर उतरत गेली. माणसं कमी, तास कमी, पण प्रत्येक तासाला पैसे जास्त.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. १२, २४, ४८. आणि शेवटी ५०, १००, २००. तीस वर्षांत आकडे चौपट झाले, पण प्रमाण तेच: एकास दोनास चार. माप वाढलं की दर साधारण दुप्पट, ही घडी जवळजवळ तशीच राहिली. ग्राहकाला लक्षात ठेवायला सोपं, नोकराला दारात सांगायला सोपं, घासाघीस करायला जागा कमी.

अर्थात याची किंमत कुणीतरी मोजतंच. १२ गिनीच्या काळात जो मध्यम कमाईचा माणूस बायकोचं चित्र काढून घेऊ शकत होता, त्याला ५० गिनीच्या काळात ते दार बंद झालं. तो कमी दराच्या दुसऱ्या चित्रकाराकडे गेला असेल किंवा गेलाच नसेल.

अर्धे पैसे आधी

आता एक ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघूया. समजा १७७७ मध्ये कुणा व्यापाऱ्याला गुडघ्यापर्यंतचं चित्र हवंय. दर ७० गिनी. तो वेळ ठरवतो, डायरीत नाव आणि तास लिहिला जातो. पहिल्या बैठकीलाच ३५ गिनी द्यायचे. वहीत पहिल्या हप्त्याची नोंद होते. प्रिंट्स बघून पोझ ठरते. पहिल्या दिवशी मोजक्या रंगांत चेहऱ्याची ढोबळ बांधणी, पुढच्या दोन बैठकांत रंग आणि साम्य. मग व्यापारी मोकळा. त्याचा कोट स्टुडिओत राहतो, बाहुलीच्या अंगावर. काही आठवडे, कधी काही महिने. चित्र झालं की उरलेले ३५ गिनी आणि मग चित्र घरी. सोनेरी चौकटीचा खर्च वेगळा.

ही अर्धी-अर्धी पद्धत दोन्ही बाजूंची भीती निम्मी-निम्मी वाटून घेते. चित्रकाराची भीती अशी, की दुसऱ्याच्या चेहऱ्याचं चित्र तिसऱ्या कुणाला विकता येत नाही. टेबल बनवलं आणि ग्राहक पळाला, तर टेबल दुसरा कुणी घेईल. पण एका व्यापाऱ्याचा चेहरा त्याच्या घरच्यांशिवाय कुणाला हवाय? ग्राहकाची भीती अशी, की सगळे पैसे आधी दिले तर चित्र कधीच संपणार नाही. निम्म्यावर दोघांचंही घोडं अडकलेलं असतं.

पण निम्म्याने सगळं सुटत नाही. कुणी मरतं, कुणाचं लग्न मोडतं, कुणाचं दिवाळं निघतं, कुणाला चित्र आवडत नाही. पहिला हप्ता वहीत, दुसऱ्याची जागा कोरी. १७९२ च्या फेब्रुवारीत रेनॉल्ड्स वारला तेव्हा त्याच्याकडे कुणी न नेलेली पोर्ट्रेट्सही शिल्लक होती. एवढा मोठा माणूस, एवढी कडक पद्धत, तरीही.

ज्याची हमी रेटकार्डात नव्हती

आता या धंद्यातली सगळ्यात दुखरी जागा. पैसे पूर्ण दिले, चित्र घरी आलं, भिंतीवर लागलं. आणि काही वर्षांत गाल पांढरे पडायला लागले.

रेनॉल्ड्स त्वचेसाठी लाल 'लेक' रंग वापरायचा, त्यात कारमाइन. कारमाइन येतो कोचिनील नावाच्या किड्यापासून. ताजा असताना अप्रतिम, गालावर खरोखर रक्त आहे असं वाटतं. पण उजेडात तो विटतो. पर्याय होता व्हर्मिलियन, म्हणजे पाऱ्यापासून बनणारा शेंदरी लाल, जास्त टिकाऊ. नॉर्थकोटने आठवण लिहून ठेवलीय. त्याने गुरूला व्हर्मिलियन सुचवला. रेनॉल्ड्सने स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, मला कातडीत कुठे व्हर्मिलियन दिसत नाही. शिष्याने धीर करून विचारलं, पण नेलर तर तोच वापरायचा ना? त्यावर गुरू चिडला. ज्याला रंग लावताच येत नव्हता त्याने काय वापरलं याला काय अर्थ, असं त्याचं उत्तर.

शिवाय त्याला प्रयोगांचा नाद होता. तेलात मेण मिसळ, व्हार्निश मिसळ, डांबरासारखा काळसर बिट्युमेन वापर. बिट्युमेन सुरुवातीला खोल, उबदार सावली देतो, पण तो नीट वाळतच नाही. वर्षानुवर्षं आकसत राहतो आणि रंगाला रुंद भेगा पडतात, सुकलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या. आजही म्युझियममध्ये त्याचं चित्र समोर आलं तर दोन खुणा बघा. चेहरा निळसर पांढरा आणि कपडे मात्र अजून रंगीत, म्हणजे लेक विटला. काळ्या भागात मगरीच्या पाठीसारख्या भेगा, म्हणजे बहुतेक बिट्युमेन. आणि आता कोडं असं, की ज्या चेहऱ्यासाठी मास्टरच्या हाताचे साडेचार तास मोजले, तोच भाग आधी गेला. मदतनिसाने रंगवलेला कोट टिकला.

लंडनमध्ये याची चर्चा नव्हती असं नाही. लेखक होरेस वॉलपोल थट्टेने म्हणाला होता, की रेनॉल्ड्सला एकरकमी पैसे देऊच नयेत. चित्र टिकेल तोवर दर वर्षी थोडे-थोडे द्यावेत. विनोद आहे, पण नेमका आहे. अर्धे आधी, अर्धे नंतर या करारात 'नंतर' म्हणजे चित्र पूर्ण झाल्याचा दिवस. त्यानंतर दहा वर्षांनी काय होईल याची जबाबदारी कुठल्याच ओळीत नव्हती.

ही ओळ आजच्या बहुतेक पोस्टमध्येही नसते. मार्करची शाई, स्वस्त वॉटरकलर, काही रंगीत पेन्सिली, यातले काही गुलाबी आणि जांभळे रंग खिडकीसमोर लावले तर झपाट्याने फिके पडतात. चांगल्या कंपनीच्या रंगांच्या ट्यूबवर किंवा त्यांच्या रंगतक्त्यात उजेडात किती टिकेल याची खूण दिलेली असते, तिला लाइटफास्टनेस म्हणतात. तेव्हा कधी ऑर्डर देणार असाल, तर साइज आणि दर विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारा: चेहऱ्याला कुठले रंग वापरता, आणि पूर्ण चित्र तुम्हीच काढता की कुणी मदतीला असतं? दोन्हीत लाजण्यासारखं काही नाही. आर्टिस्ट असाल तर ही दोन उत्तरं पोस्टमध्येच लिहून टाका. रेनॉल्ड्सच्या पत्रात दर होता, माप होतं, बैठकांचे तास होते. या दोन गोष्टी तेवढ्या राहिल्या होत्या.

आजचा भाग इथेच थांबवतो. रेनॉल्ड्सचं एखादं चित्र नेटवर मोठं करून बघा, गाल आणि कोट शेजारी शेजारी ठेवून, आणि काय दिसतं ते मला कळवा. भेटूया पुढच्या भागात!